'फक्त दोन मिनिटं घेते हं!'

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे माझ्या मराठीवर होस्टेलमध्ये कायम पीजे होतात. पण गेल्या सुट्टीत याच मराठीवर मी दीड महिना नोकरी केली. काम टेलिकॉलिंगचं. पाणी शुद्ध करणारं मशीन आधी घेतलेल्या लोकांना फोन करून वर्षाचा सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट विकायचा.

हातात छापील स्क्रिप्ट होती. "नमस्कार, आपण आज कसे आहात? आम्ही आपल्यासाठी एक विशेष सुवर्णसंधी घेऊन आलो आहोत..." तिसऱ्या दिवशी एका आजोबांनी फोन उचलला. म्हणाले, "बाळ, आत्ता नको, घरात मयत झालंय." 'वेळ नाही' या रकान्यापुढे छापलं होतं, "तरी मी फक्त दोन मिनिटं घेते." आणि मी ते वाचलं! पलीकडून काही बोलणं आलं नाही, फोनही लगेच ठेवला नाही. त्या रात्री मला मेसचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर सरांना विचारून मी स्क्रिप्ट पुन्हा लिहायला घेतली. पहिलं काम म्हणजे ती मोठ्याने वाचून मोबाईलवर वेळ लावणं. कशासाठी फोन केलाय हे कळायलाच ३५ सेकंद लागत होते. शिवाय अनोळखी माणसाला "आपण आज कसे आहात" असं मराठीत कोण विचारतं? ते सरळसरळ इंग्रजीचं भाषांतर होतं. (माझीच जातकुळी, म्हणून लगेच ओळखलं!) जिथे माझा श्वास संपला तिथे वाक्य तोडलं आणि जे मी आईशी फोनवर बोलणार नाही ते खोडलं. उरलं ते असं:

"नमस्कार, मी अमुक कंपनीतून बोलतेय. तुमच्या पाण्याच्या मशीनची वॉरंटी या महिन्यात संपतेय, त्याच्या सर्व्हिसिंगबद्दल फोन केलाय. दोन मिनिटं बोलू का, की नंतर करू?"

याला जेमतेम १२ सेकंद लागतात. कोण, कशासाठी, किती वेळ, हे सगळं त्यात आलं. शेवटचा प्रश्न मात्र खरा असायला हवा. "नंतर" म्हटलं, की वेळ विचारायची, लिहून घ्यायची आणि त्याच वेळी फोन करायचा. आणि दोन मिनिटं म्हणजे दोनच!

आता नकार. जुन्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक नकाराला एक लांबलचक भाषण होतं. मी नियम केला : आधी समोरच्याचं म्हणणं मान्य करायचं, मग एकच प्रश्न विचारायचा, एकच उत्तर द्यायचं आणि गप्प बसायचं. सगळ्यात जास्त वेळा येणारा नकार म्हणजे, "महाग आहे, आमचा नेहमीचा माणूस स्वस्तात करतो." त्यावर, "बरोबर आहे. तो वर्षातून किती वेळा येतो?" असं विचारायचं. आमचा कॉन्ट्रॅक्ट २४०० रुपयांचा. त्यात तीन व्हिजिट आणि फिल्टर. एका काकूंचा माणूस दोनदा यायचा, ३५० रुपये घ्यायचा आणि फिल्टरचे ९०० वेगळे. म्हणजे वर्षाला १६००. मी म्हटलं, "मग काकू, तुम्हाला तोच परवडतो." सर माझ्याकडे बघतच राहिले. पण काकूंनीच पुढे विचारलं, "आणि आतला मोठा पार्ट गेला तर?" तो कॉन्ट्रॅक्टमध्ये धरलेला होता, तसं सांगितलं. घ्यायचं की नाही ते त्यांनी मुलाला विचारून ठरवायचं होतं.

इथे एक मेख आहे. "बघते", "घरी विचारून सांगते" याचा अर्थ आपल्याकडे बहुतेक वेळा 'नाही' असाच असतो, फक्त तोंडावर म्हणवत नाही. म्हणून मी विचारायचे, "मी परत फोन करू, की लागलं तर तुम्हीच कराल?" यामुळे नाही म्हणणं सोपं होतं. काकू म्हणाल्या, "मीच करेन." मी यादीतून नाव काढलं. "पुन्हा फोन करू नका" म्हटलं तर एकच उत्तर : "बरं, नाव काढते. त्रास दिला, माफ करा." आणि मयत, दवाखाना, गाडी चालवणं यासाठी स्क्रिप्टमध्ये ओळच ठेवली नाही. "माफ करा, ठेवते," एवढंच.

स्क्रिप्ट कुठे फसते हे कळायला एक साधी युक्ती आहे. माणसाने कुठल्या ओळीवर फोन ठेवला, तिथे पेन्सिलीने टिंब द्यायचं. जुन्या कागदावर सगळी टिंबं "सुवर्णसंधी"भोवती होती. नव्या कागदावर ती किमतीपाशी आली. म्हणजे निदान लोक ऐकून तरी नाही म्हणत होते! किंमतच जास्त असेल तर ती शब्दांनी कमी होत नाही, हेही तिथेच कळलं.

ज्यांना असे फोन नकोतच, त्यांनी १९०९ वर डीएनडी नोंदवावं. रूममधल्या सगळ्यांचं मीच करून दिलंय.

आजोबांचा नंबर यादीतून मी स्वतः खोडला. माफी मागायला फोन करावासा वाटला होता. पण तोही एक फोनच झाला असता ना?