पतंग उडेना, तारांबळ उडाली!



मागच्या उत्तरायणानंतर आपल्या शाळेच्या पानावर एक फोटो टाकला होता. पाचवीतला एक मुलगा गच्चीवर उभा आहे, पतंग शेजारच्या कडुनिंबात अडकला आहे, आणि तो दोरी सोडवता सोडवता स्वतःच दोरीत गुंडाळला गेला आहे. गुजरातीच्या बाईंनी खाली एक ओळ लिहिली. देवनागरीत ती अशी: 'पतंग न चग्यो, वात चगी गई!' पुढे पतंगाचे आणि हसण्याचे चिन्ह, आणि शेवटी #उत्तरायण. मुले खूप हसली. तो मुलगाही हसला.

पुण्या-मुंबईकडच्या नातेवाइकांसाठी तीच ओळ मराठीत द्यावी असे ठरले आणि ते काम आम्ही हौसेने अंगावर घेतले. ओळ जेमतेम सहा शब्दांची, त्यात काय अवघड, असे वाटले. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे डोक्यात आधी हिंदी उमटले: 'पतंग नहीं उड़ी, बात उड़ गई!' हिंदीत हे चपखल बसते, कारण तिथे बात उडते म्हणजे चर्चा पसरते. त्यावरून आम्ही मराठी केले: 'पतंग उडाला नाही, गोष्ट उडून गेली!' आठवीच्या वर्गात वाचून दाखवले. कोणी हसले नाही. एका मुलीने विचारले, "सर, कोणती गोष्ट उडून गेली?" तिचे बरोबर होते. मराठीत अफवा उठते, बातमी पसरते, पण गोष्ट उडून गेली म्हणजे ती नाहीशी झाली. म्हणजे आमच्या ओळीचा अर्थ मूळ ओळीच्या नेमका उलट झाला होता.

मग त्याच वर्गात आम्ही मूळ ओळ फळ्यावर लिहून तिचा सांधा शोधला. सांधा म्हणजे जो शब्द एकाच वेळी दोन ठिकाणी काम करतो तो. इथे तो 'चगवुं' आहे. गुजरातीत पतंग वर चढून वाऱ्यावर स्थिर झाला की तो चगतो, आणि एखाद्या गोष्टीचा बोलबाला झाला की वातही चगते. विनोद पतंगात नाही आणि वातेतही नाही, या एका क्रियापदात आहे. तेव्हा मराठीत 'वात' या शब्दाला प्रतिशब्द शोधत बसण्यात अर्थ नव्हता. पतंगालाही चालेल आणि माणसाच्या फजितीलाही चालेल असे क्रियापद हवे होते.

ते होतेच, उडणे! मुलांना विचारले, मराठीत पतंगाशिवाय काय काय उडते? फळा भरला. धांदल उडते, तारांबळ उडते, त्रेधा उडते, झोप उडते, खटके उडतात, खिल्ली उडते. मराठीच्या सरांनी 'रेवडी उडाली' सुचवले. संक्रांतीच्या दिवसांत तिळाची रेवडी, म्हणजे दुहेरी मजा. पण वर्गातल्या निम्म्या मुलांना रेवडी उडवणे म्हणजे फजिती करणे हे ठाऊक नव्हते. जो विनोद समजावून सांगावा लागतो त्याची ओळ लांबते, म्हणून तो मोह सोडला. (आम्हाला अजून त्याची हळहळ वाटते.)

मुलांनी बहुमताने निवडले ते 'पतंग उडेना, खिल्ली उडाली!' सांधा जुळला, लय जुळली, आणि आम्ही ते पानावर टाकले. दुसऱ्या दिवशी त्या मुलाची आई भेटायला आली. ती शांतपणे म्हणाली, "सर, गुजराती वाचून तो हसला होता. मराठी वाचून नाही हसला." आम्ही दोन्ही ओळी पुन्हा शेजारी ठेवल्या. गुजरातीत कोणी कोणाला हसत नाही. चर्चा होते, एवढेच. खिल्ली मात्र कोणीतरी कोणाची तरी उडवतो, आणि फोटोत एकच मुलगा होता. शब्दांची कोटी आली, पण तिचे टोक फिरून त्याच्याकडे झाले. तारांबळ कोणी उडवत नाही, ती आपोआप उडते आणि सगळ्यांची उडते. म्हणून त्याच दिवशी ओळ बदलली: 'पतंग उडेना, तारांबळ उडाली!'

शेवटचे चिन्हही बदलले. 😂 हे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे तोंड, ते बघणाऱ्याचे. त्याऐवजी डोळे झाकणारे माकड 🙈 ठेवले, म्हणजे ओळ त्या मुलाच्या स्वतःच्या तोंडची वाटते. मूळ ओळीत जे चिन्ह आहे ते तसेच उचलायचे, हा नियम धरला असता तर हे सुचले नसते. पतंगाचे चिन्ह 🪁 मात्र शब्दाऐवजी वापरले नाही. ते 2019 साली आले, जुन्या फोनवर त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. 'चौकोन उडेना' असे आजीला वाचावे लागू नये, म्हणून शब्द शब्दच राहिला आणि चिन्ह ओळीनंतर गेले.

आता लांबी. गुजराती ओळ मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे धरून 25 चिन्हांची, आपली मराठी 26 ची. मोजताना लक्षात ठेवा की संगणक काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजतो. 'तारांबळ' आपल्याला चार अक्षरे दिसतात, तिथे ती सात होतात. पूर्वीचे ट्विटर, आताचे एक्स, 280 पर्यंत जागा देते, तेव्हा मर्यादेची भीती नव्हती. पण एका श्वासात वाचता आली नाही तर कोटी विरते. 'उडाला नाही' ऐवजी 'उडेना' घेतले त्यात जागा वाचली, शिवाय आणखी एक भांडण मिटले. आपल्याकडे काही घरांत पतंग उडाला म्हणतात, काही घरांत उडाली. 'उडेना' दोघांनाही चालते.

हॅशटॅगची अडचण मराठीला खास आहे. एका मुलाने सुरुवातीलाच '#उत्तरायणाला पतंग उडेना' असे लिहिले होते. वाक्य म्हणून ठीक, पण हॅशटॅग हा पत्ता आहे. प्रत्यय चिकटला की पत्ता बदलतो, आणि #उत्तरायण शोधणाऱ्याला तो फोटो सापडत नाही. इंग्रजीत शब्दयोगी शब्द वेगळा लिहितात म्हणून त्यांना हा त्रास नाही. आपण हॅशटॅग मूळ रूपात ओळीच्या शेवटी ठेवावा. दुसऱ्या मुलीने '#मकर संक्रांत' लिहिले. मध्ये जागा सोडल्यामुळे हॅशटॅग फक्त '#मकर' एवढाच झाला. विश्वामित्रीत मगरी असलेल्या आपल्या गावात ते अगदीच गैर नव्हे, पण तिला सण म्हणायचा होता! शब्द जोडून #मकरसंक्रांत लिहावे किंवा मध्ये खालची रेघ द्यावी.

काही ओळींना हात लावू नये हेही मुलांना कळले. 'कायपो छे' ही आरोळी वडोदऱ्यातली मराठी मुलेही तशीच देतात. तिचे मराठी केले तर अर्थ राहील, गच्ची राहणार नाही.

पुढच्या शनिवारसाठी आठवी आणि नववीला हा फोटो: दादा पतंग उडवतो आहे, ताई मागे उभी आहे आणि त्याच्याकडे बघून हसते आहे. ओळ: 'दादाने पतंग घेतला, ताईने फिरकी घेतली! 🪁' याचे इंग्रजी करायचे आहे, चाळीस चिन्हांत. आधी सांधा कुठे आहे ते वहीत लिहावे. फिरकी हातात धरणे आणि फिरकी घेणे, दोन्ही एका शब्दात देणारे इंग्रजी आम्हाला अजून सापडलेले नाही, तेव्हा कोटी पूर्ण बदलली तरी चालेल. ताईची गंमत मात्र ताईकडेच राहिली पाहिजे.