चौघांची एक वेळ

प्रश्न: मुलाखतीसाठी चार परीक्षकांना मी ‘आपल्याला कधी जमेल?’ असा ईमेल पाठवते. आठवडा जातो, तरी वेळ ठरत नाही. मोकळीक देणंच सभ्यपणाचं ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, मोकळ्या प्रश्नाला चार वेगळी उत्तरं येतात, ती जुळवण्यातच आठवडा जातो. आधी सर्वांत व्यग्र परीक्षकांना फोन करून तीन स्लॉट मागून घ्या. बाकी तिघांना तेच लिहा: ‘मंगळवारी ११, बुधवारी ३, गुरुवारी १०. यांपैकी जमणारे सगळे स्लॉट उद्या पाचपर्यंत कळवा. तोवर तिन्ही राखून ठेवा.’ वेळ ठरताच उरलेले दोन मोकळे झाल्याचं लगेच सांगा. एकही जुळला नाही, तर बदली परीक्षक चालतील का ते वरिष्ठांना विचारा. उमेदवाराला मात्र चौघांचा होकार आल्यावरच कळवा.