स्वयंपाकिणीचे मासिक वेतन कसे ठरवावे?

स्वयंपाकासाठी बाई ठेवताना "शेजारी काय देतात?" हा प्रश्न प्रथम विचारला जातो आणि मिळालेल्या आकड्यावर सौदा होतो. शेजारच्या घरी माणसे किती, वेळ एक की दोन, याची चौकशी सहसा होत नाही. त्यामुळे सारख्या पगारात कुठे दीड तासाचे काम असते, तर कुठे अडीच तासांचे. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ अन्वये घरकामगारांच्या नोंदणीची व कल्याणकारी लाभांची तरतूद झाली. परंतु एखाद्या घरातील कामाचे मोल ठरविण्याची जबाबदारी अखेर त्या घरावर व काम करणाऱ्या बाईवरच येते.

ही रीत एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. तालुक्याच्या गावी एक शिक्षक दांपत्य, दोन मुले व आजी असे पाच जणांचे कुटुंब आहे. शेजारी तीन हजार रुपये देतात, म्हणून स्वयंपाकिणीला तेवढेच देऊ केले गेले.

प्रथम कामाची यादी करावी. "दोन्ही वेळचा स्वयंपाक" एवढे म्हणून भागत नाही. सकाळी पोळ्या, भाजी, वरण-भात व डबे भरणे. संध्याकाळी भाकरी व भाजी. दोन्ही वेळा ओटा पुसणे, असे स्पष्ट लिहावे. भाजी निवडून ठेवण्याचे काम कोणाचे, हेही त्यात यावे. यानंतर आठवडाभर वेळेची नोंद ठेवून सरासरी काढावी. या घरी सकाळी दीड तास व संध्याकाळी एक तास लागतो, असे आढळले. साप्ताहिक सुट्टी वगळून महिन्याचे २६ दिवस धरले, तर ६५ तास होतात. म्हणजे तीन हजारांत तासाला सुमारे ४६ रुपये पडतात.

दुसरी पायरी म्हणजे गावातील चालू दर. पाच घरी पगाराबरोबर कामाचा वेळही विचारावा. घरमालकिणीने सांगितलेला वेळ बाईलाही विचारून पडताळावा, कारण दोघींच्या सांगण्यात बरेचदा फरक असतो. या पाचही घरी बाई दिवसातून एकदाच येते, असे समजू. शेजारच्या घरी तीन हजारांत रोज दीडच तास काम होते. म्हणजे महिन्याचे ३९ तास आणि तासाला ७७ रुपये. उरलेल्या चार घरांचे दर याच रीतीने ७२, ७४, ७५ व ७७ असे निघाले. दर चढत्या क्रमाने मांडून मधला घ्यावा. एखाद्या घरी फारच कमी वा जास्त पगार असला, तरी मधल्या दरावर त्याचा परिणाम होत नाही. येथे तो ७५ रुपये आहे. ६५ तासांचे ४,८७५ रुपये होतात.

यात एक गोष्ट राहते. या घरी बाईला दुसऱ्यांदा यावे लागते आणि त्या फेरीच्या जाण्यायेण्यात रोज वीस मिनिटे जातात. महिन्याला हे जवळजवळ पावणेनऊ तास, म्हणजे सुमारे ६५० रुपये होतात. दोन्ही मिळून साडेपाच हजार रुपये हे रास्त वेतन ठरते. मात्र चौकशी केलेली घरे दोन वेळची असतील, तर फेरीचा हिशेब त्यांच्या दरात आधीच आलेला असतो. तो पुन्हा धरू नये.

चालू दर नेहमीच न्याय्य असतो, असे नाही. गरजू स्त्रिया पुष्कळ व कामे थोडी असली की दर खाली येतो. यास्तव एक किमान मर्यादा पाहावी. शासनाने त्या परिमंडळासाठी जाहीर केलेले अकुशल कामगाराचे किमान मासिक वेतन, विशेष भत्त्यासह, २६ ने व मग ८ ने भागावे. गावातील मधला दर या तासाच्या दराहून कमी निघाला, तर हाच दर धरावा. स्वयंपाक हे कसबाचे काम असल्याने त्याहून अधिक देणे उचित होय.

तंटे बहुधा पगाराच्या आकड्यावरून होत नाहीत, नंतर वाढलेल्या कामावरून होतात. पाहुणे महिनाभर राहतात, "जाता जाता" भांडी घासून घेतली जातात आणि वेतन मात्र तेच राहते. म्हणून वाढीव कामाचा तासाचा दर, साप्ताहिक सुट्टी, आजारपणाची रजा, कुटुंब परगावी गेल्यास पगार न कापणे, दिवाळीचा बोनस व वार्षिक वाढीचा महिना हे एका कागदावर लिहावे. बाईला वाचता येत नसेल, तर तो तिच्या विश्वासातील माणसासमोर वाचून दाखवावा व एक प्रत तिच्याकडे द्यावी. वर्षाने पुन्हा आठवडाभर वेळ मोजला म्हणजे वाढ किती द्यावी, हे त्याच कागदावरून ठरविता येते.