वायूची घनता आणि मोलर वस्तुमान

डोळखांब परिसरातील अनेक स्वयंपाकघरांत आज चुलीशेजारी गॅसची शेगडी दिसते. तिच्या नळीतून गळलेला वायू वर छताकडे जाईल की खाली जमिनीलगत साचेल? या प्रश्नाचे उत्तर आदर्श वायूचे समीकरण देते.

ते समीकरण असे: PV = nRT. येथे P म्हणजे दाब, V आकारमान, T केल्व्हिनमधील तापमान, n म्हणजे वायूचे मोल आणि R हा स्थिरांक, ०.०८२१. एका मोलचे ग्रॅममधील वजन म्हणजे मोलर वस्तुमान M. वायूचे वस्तुमान m असेल, तर n = m/M. ही किंमत समीकरणात घातली आणि m/V म्हणजेच घनता d, हे ध्यानात घेतले, की सूत्र मिळते:

d = PM/RT

२७ अंश सेल्सिअस म्हणजे ३०० केल्व्हिन. दाब १ वातावरण धरला, तर RT ची किंमत २४.६ येते. हवेचे सरासरी मोलर वस्तुमान २९, म्हणून तिची घनता लिटरला १.१८ ग्रॅम. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुख्यतः प्रोपेन (४४) आणि ब्युटेन (५८) असतात; त्यांची घनता अनुक्रमे १.७९ आणि २.३६ ग्रॅम. दोन्ही हवेहून जड, म्हणून गळलेला गॅस जमिनीलगत पसरतो व कोपऱ्यात, ओट्याखाली साचतो. केवळ वरचा झरोका उघडून भागत नाही. दारे उघडावीत, आणि ज्योत किंवा विजेचे बटण यांना हात लावू नये.

आता उलट गणित पाहू. वायू अनोळखी असेल, तर M = dRT/P. समजा, प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली, जवळपास ज्योत नसताना, ब्युटेन भरलेल्या लायटरमधील वायू पाण्याने भरलेल्या उलट्या नळकांड्यात गोळा केला. आतील व बाहेरील पाण्याची पातळी समान केल्यावर आकारमान ०.२४० लिटर भरले आणि लायटरचे वजन ०.५४ ग्रॅमने घटले. घनता २.२५ ग्रॅम. दाब १ धरल्यास M सुमारे ५५.४ येते, अपेक्षित ५८ पेक्षा कमी. कारण नळकांड्यात पाण्याची वाफही आहे. २७ अंशांना तिचा दाब सुमारे २७ मिलिमीटर पारा असतो. ७६० मधून तो वजा केल्यास ७३३, म्हणजे ०.९६४ वातावरण उरतो आणि M येते ५७.५. उरलेला फरक मोजमापाचा. लायटर नीट न पुसता तोलला, तर चिकटलेल्या पाण्यामुळे घट कमी दिसते आणि M आणखी खाली येते.

३०० ऐवजी २७ घातले, तर M जेमतेम ५ येते. इतका हलका वायू हवेत वर चढला असता. त्यावरूनच चूक ओळखावी. आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी: बाटलीत गॅस दाबाखाली द्रवरूपात असतो. त्या द्रवाला हे सूत्र लागू नाही. ते बाहेर पडून पसरलेल्या वायूचे आहे.