‘मी नवीन आहे, काय करू?’

अगं मनू, काल रात्री आपल्या गच्चीबागेच्या गटात त्या बाईंचा निरोप आला ना, ‘मी इथे नवीन आहे, काय करायचं कळत नाही,’ त्यांना अजून काही पाठवू नकोस. तू खताची आणि कुंड्यांची यादी करून ठेवली आहेस, पण ती त्यांना आत्ता नको.

मागच्या हिवाळ्यात अगदी असाच निरोप आला होता. नऊ जणींनी स्वागत केलं, कुणी गुलाबाची छाटणी सांगितली, कुणी जीवामृत. त्या बाई गप्पच झाल्या. मला राहवेना. मी त्यांना वेगळं विचारलं, ‘तुमची गॅलरी कोणत्या दिशेला आहे? ऊन किती वाजेपर्यंत असतं?’ लगेच उत्तर आलं, पूर्वेला, दहापर्यंत. म्हणजे जेमतेम तीन तास. एवढ्या उन्हात टोमॅटो धरायचे नाहीत, पालेभाजी मात्र येते. आपण काही न विचारता टोमॅटो सांगितला असता, तर त्या दोन महिने नुसती पानं बघत बसल्या असत्या.

मग म्हटलं, डब्यातले मूठभर मेथीदाणे रात्री भिजत घाला. वीतभर खोल टब घ्या, तळाला चार-पाच भोकं पाडा. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत. दाणे पसरून वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढी माती भुरभुरवा आणि पाणी शिंपडा, ओतू नका. मी मेथीच का सांगते माहीत आहे? बी घरातच असतं आणि तीन-चार दिवसांत कोंब दिसतो. नव्या माणसाला इतक्या लवकर काहीतरी उगवलेलं दिसायला हवं गं.

आठव्या दिवशी त्यांचा फोटो आला. रोपं आडवी पडली होती. मी विचारलं, बुडाशी देठ कसा लागतो? म्हणाल्या, मऊ, पाणचट. म्हणजे पाणी जास्त झालं होतं. देठ कडक पण लांबुडका, उजेडाकडे वाकलेला असता, तर ऊन कमी पडतंय असं म्हटलं असतं. टब उलटा करून बघायला सांगितलं, तर तळाला एकही भोक नव्हतं. त्यांना वाटलं होतं, पाणी खाली सांडेल. ‘तुमचं चुकलं’ असं मी म्हटलं नाही. माझाही पहिला टब असाच कुजला होता, तेच सांगितलं. दुसऱ्या पेरणीला बोट खुपसून, वरची माती कोरडी लागली तरच पाणी. पंचविसाव्या दिवशी त्यांनी कात्रीने जुडी कापली.

तेव्हा कालच्या बाईंना आत्ता फक्त दिशा आणि ऊन विचार. त्यांचं नाव घेऊन लिही, आणि सगळ्यांसमोर नको, वेगळं लिही. उत्तर आलं की मला सांग, मग बघू मेथी की आणखी काही.