ओव्हर द्यायचा कागद: बेड सातचे आजोबा

रात्रपाळी संपायला तासभर आहे. पेन घ्या, लाल आणि निळं स्केचपेनही जवळ ठेवा. मेडिकल वॉर्डातल्या बेड सातच्या आजोबांची ओळ आपण मिळून भरूया.

1. कागदावर तारीख, पाळी आणि वेळ लिहा.

2. आजोबांच्या मनगटावरची पट्टी वाचून नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा. कालच्या कागदावरून उतरवू नका, रात्रीतून बेड बदललेले असतात.

3. आजार एका ओळीत लिहा: ‘हार्ट फेल्युअर, पायांना सूज, मधुमेह’.

4. पडण्याच्या धोक्याचे मोर्स गुण मोजा. तीन महिन्यांत एकदा पडलेत, 25. दुसराही आजार आहे, 15. हाताला आयव्ही आहे, 20. चाल अशक्त, 10. झाले 70. बऱ्याच ठिकाणी 45 किंवा त्याहून जास्त गुण असले की धोका जास्त धरतात. तुमच्या हॉस्पिटलचा आकडा वेगळा असेल तर तोच पाळा.

5. लाल खूण करा.

6. खुणेशेजारी कारण लिहा: ‘सहाला लॅसिक्सचं इंजेक्शन, लघवीला एकटेच उठतात’. नुसतं ‘फॉल रिस्क’ लिहिलंत तर कुठल्या वेळी जवळ थांबायचं, हे सकाळच्या सिस्टरना कळणार नाही.

7. आता ब्रेडन गुण मोजा. इथे हिशोब उलटा, गुण कमी तितका धोका जास्त. आजोबांचे 14 आले. 18 किंवा कमी म्हणजे धोका आहेच.

8. आजोबांना कुशीवर वळवून माकडहाड बघा. धाप लागते म्हणून ते रात्री बराच वेळ टेकून बसलेत, तेव्हा सगळा भार तिथेच आलाय. टाचा आणि ऑक्सिजनच्या नळीखालचे कानही बघा.

9. लाल दिसलं तर बोटाने हलकेच दाबून सोडा. बोट उचलल्यावरही तिथे फिकं पडलेलं दिसलं नाही, तर बेडसोरची पहिली पायरी समजा. सावळ्या त्वचेवर हे नीट दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम, घट्ट किंवा दुखरं लागतं का ते चाचपा. चोळू मात्र नका, त्वचा आणखी दुखावते.

10. निळी खूण करून जागा आणि माप लिहा: ‘माकडहाड, 2 सेंमी, त्वचा अखंड’.

11. शेवटची कूस घड्याळाच्या वेळेसह लिहा: ‘5:40, डावी’. ‘दर दोन तासांनी’ असं लिहू नका, त्यातून खरोखर कधी वळवलं ते समजत नाही.

12. पुढची वेळ लिहा: ‘7:40, उजवी’. ही वेळ नेमकी ओव्हरच्या गडबडीत येते आणि हुकते, म्हणून तिच्याभोवती गोल करा.

13. कागद घेऊन सकाळच्या सिस्टरसोबत बेडपाशी जा. टेबलावरून वाचून दाखवलंत तर माकडहाड कुणीच बघणार नाही.

14. निळ्या खुणेची जागा त्यांना स्वतः बघू द्या.

15. घंटी आजोबांच्या हाताशी आहे ना, बघा.

16. आता दोघींनी सह्या करा.