गाडी लागते म्हणजे नेमके काय होते?

वस्तीतल्या आया आम्हाला सांगतात, "ताई, हिला पित्त आहे, एसटीत बसली की उलटी होते." पित्ताचा इथे फारसा संबंध नाही. उलटी पोटातून होते, पण तिची सुरुवात कानातून होते.

नऊ वर्षांची मुलगी धरू. मुंबईहून नाशिकला निघाली आहे, मागच्या सीटवर बसून मोबाइल पाहते आहे. कसारा घाटात गाडी वळणे घेऊ लागते. आपल्या कानाच्या आत, खोलवर, पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात. डोके वळले की हा द्रव हलतो आणि मेंदूला कळते की आपण वळलो. डोळ्यांसमोर मात्र स्थिर मोबाइल असतो. कान म्हणतो हलतोय, डोळा म्हणतो बसलोय. हा मेळ बसला नाही की मेंदूतले उलटीचे केंद्र जागे होते. ज्यांच्या कानातला हा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झालेला असतो, त्यांना गाडी लागतच नाही.

मेंदूकडून मग नसांवाटे पोटाला निरोप जातो. एरवी जठराच्या लाटा मिनिटाला साधारण तीन असतात. त्यांचा ठेका बिघडतो, अन्न पुढे सरकत नाही. मुलगी जांभया देते, गप्प होते, तोंडाला पाणी सुटते, चेहरा पांढरा पडून गार घाम येतो. मोबाइल याच वेळी काढून घ्यावा, उलटीची वाट पाहू नये. तिला पुढच्या बाजूच्या खिडकीशी बसवून दूरचा डोंगर किंवा समोरचा रस्ता पाहायला लावा. आता डोळ्यालाही हालचाल दिसते. ड्रायव्हरला सहसा गाडी लागत नाही, कारण वळण येणार हे त्याला आधीच कळते. मागची सीट चाकाच्या मागे असल्याने जास्त उसळते.

उपाशी नेऊ नका. निघण्याआधी अर्धी भाकरी किंवा थोडा भात चालेल. वडापाव नको.

गोळीबाबत बहुतेकांचे चुकते ते वेळेत. घाट सुरू झाल्यावर घेतलेली गोळी थंडावलेल्या पोटातच पडून राहते. प्रोमेथाझिनसारखी गोळी प्रवासाच्या तास-दोन तास आधी घ्यावी लागते. ती झोप आणते, म्हणून घेऊन गाडी चालवू नये. दोन वर्षांखालील बाळाला ती देऊच नये. मोठ्या मुलांना आणि गरोदर बाईला डॉक्टरांना विचारूनच द्यावी. मेडिकलवाला उलटीसाठी ऑन्डानसेट्रॉन देतो. पोट बिघडून होणाऱ्या उलटीवर ते चांगले, पण गाडी लागण्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

खाली उतरल्यावर बहुधा तासाभरात बरे वाटते. तरीही उलट्या थांबल्या नाहीत, ताप असेल, डोके फार दुखत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर ते गाडी लागणे नव्हे. लगेच दवाखाना गाठावा.